ईक्यूटीएल पहिल्यांदाच करताय? आधी ERAP2 पकडून दाखवा

ईक्यूटीएल म्हणजे डीएनएमधली अशी जागा जिथल्या फरकामुळे एखादा जीन कमीजास्त चालतो. त्यावर वाचायला गेलं की पहिल्याच पानावर मॅट्रिक्स, कोव्हेरिएट, परम्युटेशन असलं सगळं अंगावर येतं आणि माणूस टॅब बंद करतो. मीही केलेला. म्हणून इथे उलट्या बाजूने जाऊया, एकच जीन घ्यायचा, त्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा, आणि आपल्या पाइपलाइनमधून तेच उत्तर बाहेर पडतंय का ते बघायचं. जीनचं नाव ERAP2. पाचव्या क्रोमोसोमवर असतो, पेशीत प्रोटीनचे तुकडे अजून कातरून बारीक करायचं काम करतो, म्हणजे इम्यून सिस्टिमला दाखवायचे ते तुकडे.

आधी नऊ माणसांवर करून बघा

ERAP2 मध्ये rs2248374 नावाची एक जागा आहे, अशा जागेला व्हेरिएंट म्हणतात. तिथे काही लोकांना A असतो, काहींना G. प्रत्येकाकडे दोन कॉपी, म्हणजे माणूस GG, AG किंवा AA. आता A किती आहेत एवढंच मोजा, शून्य, एक किंवा दोन, याला डोसेज म्हणतात. आणि प्रत्येकाच्या पेशीत त्या जीनचा आरएनए किती आहे, म्हणजे एक्स्प्रेशन, तो दुसरा आकडा. खालचे आकडे मी समजावण्यापुरते बनवलेत, खरे नाहीत:

```r
dosage <- c(0,0,0, 1,1,1, 2,2,2)
expr   <- c(1,2,3, 9,10,11, 17,18,19)
summary(lm(expr ~ dosage))
```

GG वाल्यांची सरासरी २, AG ची १०, AA ची १८. स्लोप येतो ८, म्हणजे प्रत्येक जादाच्या A मागे एक्स्प्रेशन ८ ने वाढतं. झालं, हाच ईक्यूटीएल. पुढचं सगळं जे आहे ते हीच एक रेघ लाखो वेळा मारणं आणि त्यात आपण फसत नाही ना हे बघणं, बाकी काही नाही.

ERAP2 मध्ये हे का होतं ते माहीत आहे आणि म्हणूनच तो मला आवडतो. G असला की दहाव्या एक्झॉनच्या शेवटची स्प्लाइसची खूण बिघडते, मशीन नेहमीच्या जागी कापत नाही, पुढे जाऊन कापते, एक्झॉन ५६ बेसने लांबतो आणि त्या जादाच्या तुकड्यात स्टॉप कोडॉन येतात. असा अर्धवट आरएनए पेशी ओळखते आणि बराचसा मोडून टाकते. त्यामुळे GG माणसात पूर्ण लांबीचं ERAP2 प्रोटीन जवळपास नसतंच, आणि असे लोक दुर्मिळ नाहीत, A आणि G दोन्ही साधारण निम्मे निम्मे असल्याने चारात एक जण असा सापडतो, आणि तो आपला मजेत फिरत असतो.

डेटा कुठून आणायचा

सरावासाठी ग्युव्हाडिसचा डेटा घ्या, २०१३ मध्ये आलेला, ArrayExpress वर E-GEUV-1 या नंबराने मिळतो. १००० जीनोम्स प्रोजेक्टमधल्या ४६२ लोकांच्या रक्तातल्या बी-पेशींपासून बनवलेल्या सेल लाइन, त्यांचं आरएनए सिक्वेन्सिंग. जीनोटाइप १००० जीनोम्सकडून आधीच आहेत आणि दोन्ही उघडे, परवानगीचे अर्ज भरायला नकोत. यातले ३७३ युरोपियन आहेत (फिनलंड, ब्रिटन, इटलीतला टस्कनी आणि अमेरिकेतल्या युटामधले) आणि ८९ नायजेरियातले योरुबा. सुरुवातीला फक्त युरोपियन घ्या, दोन्ही एकत्र टाकायचा मोह आवरा, का ते खाली येईलच. जीनोटाइपच्या कोणत्या रिलीजमधली फाइल घेतली त्यावर काही नावं जुळत नाहीत, ती सरळ सोडा, दोन्हीकडे आहेत तेवढेच लोक ठेवायचे.

एक गोष्ट उतरवून घेतानाच बघा, हा डेटा जुन्या hg19 जीनोमवर आहे. जीनच्या जागा तुम्ही hg38 च्या फाइलमधून घेतल्या आणि व्हेरिएंट hg19 चे, तर एरर वगैरे काही येत नाही, प्रोग्राम शांतपणे चुकीच्या जागेभोवती शोधत बसतो. ERAP2 च्या बाबतीत जागा काही लाख बेसने सरकलेली आहे, म्हणजे जीनभोवतीच्या ज्या पट्ट्यात शोधतो त्या खिडकीत कदाचित अजूनही येईल आणि तुम्हाला वाटेल सगळं बरोबर आहे, हे जास्त वाईट.

जीनोटाइप चाळून घ्या

अख्खा जीनोम नको, पाचवा क्रोमोसोम पुरे. लॅपटॉपवर होतं.

```bash
plink2 --vcf chr5.vcf.gz --keep eur.txt \
  --snps-only --max-alleles 2 --maf 0.05 \
  --geno 0.05 --hwe 1e-6 \
  --make-bed --out geno_chr5
```

`--maf 0.05` का, तर ज्या व्हेरिएंटची एक बाजू फक्त चार-पाच लोकांत आहे तिथे एकाच माणसाचं एक्स्प्रेशन विचित्र निघालं तरी रेघ वाकते, आणि ३७३ मध्ये असे विचित्र लोक निघतातच. `--hwe` चा फिल्टर चुकीचे वाचलेले जीनोटाइप पकडतो पण तो एकाच वंशाच्या गटावर चालवायचा, योरुबा आणि फिनिश एकत्र टाकलेत तर खरे व्हेरिएंटसुद्धा उडवून टाकेल.

आणि जुनं plink 1.9 वापरत असाल तर जपून, ते कमी प्रमाणात असलेलं अलील आपोआप पहिल्या जागी नेऊन ठेवतं, `--keep-allele-order` दिलं नाही तर तुमचा स्लोप कुणाच्या बाजूने मोजलाय तेच कळत नाही. ERAP2 मध्ये हे लगेच दिसतं कारण उत्तर ठाऊक आहे, A ने वाढलंच पाहिजे. तुमच्या फाइलमध्ये ALT म्हणून G असेल तर स्लोप ऋण येणार, A असेल तर धन. याच्या उलटं आलं तर कुठेतरी अदलाबदल झालीय.

एक्स्प्रेशनची बाजू

काउंट मॅट्रिक्स घ्या, जे जीन बहुतेक लोकांत बंदच आहेत ते काढा. जीटेक्सवाले ०.१ टीपीएमपेक्षा जास्त आणि किमान ६ रीड, असं कमीत कमी २०% सॅम्पलमध्ये असेल तरच जीन ठेवतात, तेच वापरा, नवीन नियम शोधायची गरज नाही. मग सॅम्पल-सॅम्पलमधला सिक्वेन्सिंगच्या खोलीचा फरक काढायला टीएमएम नावाची पद्धत, आणि शेवटी प्रत्येक जीनला लोकांमध्ये रँक लावून ते रँक नॉर्मल वक्रावर बसवायचे.

या शेवटच्या स्टेपची एक किंमत आहे जी कुणी सांगत नाही. ERAP2 चे कच्चे आकडे प्लॉट केलेत तर सरळ तीन ढीग दिसतात, GG चा ढीग खाली तळाशी (पूर्ण शून्य नाही, कारण मोडायच्या आधीचे काही आरएनए मोजले जातातच), बाकीचे दोन वर. रँक लावल्यावर ते ढीग एकमेकांना चिकटतात, मधली दरी जाते. टेस्टसाठी हे चांगलं, कारण एखादा वेडावाकडा आकडा सगळं बिघडवत नाही, पण आता स्लोप म्हणजे 'किती पट वाढलं' असा राहत नाही. स्लोप १.२ आला म्हणून १.२ पट वाढ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर समजा इथेच घसरलेत. किती पट ते सांगायचं असेल तर कच्च्या काउंटवर जाऊन वेगळं काढायचं.

छुपे घटक, म्हणजे खरा वैताग इथे आहे

ग्युव्हाडिसचं सिक्वेन्सिंग सात लॅबमध्ये झालं. कुठल्या लॅबमध्ये झालं, आरएनए किती ताजा होता, सेल लाइन किती दिवस वाढवली, यामुळे हजारो जीन एकदम वरखाली होतात आणि जीनोटाइपमुळे होणारा फरक त्यात बुडून जातो. यातलं बरंचसं कुणी लिहूनही ठेवलेलं नसतं. म्हणून एक्स्प्रेशन मॅट्रिक्सवरच पीसीए करतात, किंवा पीअर नावाची पद्धत लावतात, आणि जे मोठे मोठे सामाईक हेलकावे, म्हणजे पीसी, निघतात ते कोव्हेरिएट म्हणून रेघेत घालतात. सोबत लिंग, आणि वंशाचा फरक झाकायला जीनोटाइपचे तीन ते पाच पीसी.

वंशाचं का ते थोडक्यात. योरुबा आणि फिनिश एकत्र आहेत असं धरा, एखादा व्हेरिएंट योरुबांमध्ये जास्त आढळतो आणि एखादा जीन त्यांच्या सेल लाइनमध्ये भलत्याच कारणाने जास्त चालतोय, समजा बॅचच वेगळी होती. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही तरी रेघ झक्कास तिरकी येणार. म्हणून म्हटलं मोह आवरा.

किती एक्स्प्रेशन पीसी घालायचे? पुस्तकी उत्तर शोधू नका. ०, ५, १०, १५, २०, ३० असं चालवा आणि दर वेळी किती जीनना ईक्यूटीएल सापडला ते मोजा. आकडा आधी भराभर वाढतो मग सपाट होतो, जिथे सपाट व्हायला लागतो तिथे थांबा.

आता गंमत. ERAP2 चा परिणाम इतका दांडगा आहे की तो शून्य पीसी घालूनही सापडतो. म्हणजे ERAP2 सापडला यातून एवढंच कळतं की नळ जोडलेले आहेत, पाणी स्वच्छ आहे की नाही ते कळत नाही. बॅच नीट निघाली का ते वरच्या मोजणीतूनच दिसतं.

आता चालवा

```bash
python3 -m tensorqtl geno_chr5 expr_chr5.bed.gz geuv \
  --covariates cov.txt --mode cis
```

`expr_chr5.bed.gz` मध्ये पहिले चार कॉलम क्रोमोसोम, सुरुवात, शेवट, जीनचा आयडी, आणि पुढे प्रत्येक माणसाचा एक कॉलम. सुरुवात-शेवट म्हणजे अख्खा जीन नाही हं, जीन जिथून वाचायला सुरू होतो तो एकच बेस. त्याच्या दोन्ही बाजूंना १० लाख बेसच्या खिडकीत जेवढे व्हेरिएंट आहेत तेवढे तपासले जातात, याला सिस म्हणतात. लांबचे, दुसऱ्या क्रोमोसोमवरचे परिणाम म्हणजे ट्रान्स, त्यांना टेस्ट प्रचंड लागतात आणि परिणाम बारीक असतात, ३७३ लोकांत त्याच्या नादी लागू नका.

परम्युटेशन काय करतं ते एकदा नीट समजून घ्या. ERAP2 च्या खिडकीत हजारो व्हेरिएंट आहेत, इतक्या रेघा मारल्या की योगायोगानेच एखादी बऱ्यापैकी तिरकी येणार. मग किती तिरकी आली की खरी मानायची? तर लोकांच्या एक्स्प्रेशनच्या चिठ्ठ्या पिसून भलत्याच माणसांना वाटायच्या, जीनोटाइपला हात लावायचा नाही कारण शेजारशेजारच्या व्हेरिएंटचं एकमेकांशी असलेलं नातं जसंच्या तसं राहायला हवं, आणि परत सगळ्या रेघा मारून त्यातली सर्वात भारी पी-व्हॅल्यू टिपायची. असं हजारो वेळा. तुमची खरी पी-व्हॅल्यू या ढिगात कुठे बसते ते `pval_beta` मध्ये येतं. मग सगळ्या जीनचे `pval_beta` घेऊन एफडीआर, म्हणजे जाहीर केलेल्यांतल्या खोट्यांचं प्रमाण, ५% ला तोडायचं. पुष्कळ नवखे `pval_nominal` बघून ०.०५ च्या खालचं सगळं जाहीर करून टाकतात, त्या न्यायाने जवळपास प्रत्येक जीनला ईक्यूटीएल आहे.

`geuv.cis_qtl.txt.gz` उघडा, ENSG00000164308 शोधा. हाच ERAP2. पी-व्हॅल्यू अतिशय छोटी असायला हवी, यादीत अगदी वरच्या टोकाला.

सापडलाच नाही तर

माझं पहिल्यांदा असंच झालं. सगळं चाललं, एकही एरर नाही, आणि ERAP2 ची पी-व्हॅल्यू ०.४ च्या आसपास. दोन दिवस मी नॉर्मलायझेशन बदलत बसलो, पीअर टाकून पाहिलं, काढून पाहिलं. शेवटी कळलं की एक्स्प्रेशनची फाइल बनवताना मी कॉलमची नावं एका दुसऱ्या यादीतून चिकटवली होती आणि ती यादी वेगळ्या क्रमाने लावलेली होती, म्हणजे मी नकळत परम्युटेशनच केलं होतं, एकदाच, आणि त्याला खरा डेटा समजत होतो. हे ओळखायचं कसं, तर सगळ्या जीनच्या `pval_beta` चा हिस्टोग्राम काढा. खऱ्या डेटात शून्याच्या बाजूला उंच बुरूज दिसतो. नावं गडबडलेली असली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट, भाकरीसारखा.

सगळेच नाही पण दहा-बारा सॅम्पलच बदलले असतील तर हिस्टोग्रामवर कळत नाही, सगळे परिणाम फक्त थोडे मंद होतात. त्यासाठी आधी लिंग तपासा, XIST बायकांमध्ये चालतो आणि वाय क्रोमोसोमवरचा RPS4Y1 पुरुषांमध्ये, दोघांचा एकमेकांविरुद्ध प्लॉट काढला की दोन स्वच्छ ढीग पडतात, चुकीच्या ढिगात बसलेला माणूस संशयित. सेल लाइनमध्ये कधी कधी वाय गळून पडतो किंवा XIST मंद होतो, म्हणून एका जीनवर फाशी देऊ नका, दोन्ही बघा. अर्थात बाईचा सॅम्पल बाईशी बदलला तर हे काहीच सांगणार नाही. तिथे QTLtools मधलं `mbv` चालवा, ते आरएनएच्या रीडमधूनच माणसाचे व्हेरिएंट वाचून जीनोटाइपच्या फाइलमधल्या प्रत्येकाशी पडताळून बघतं.

एकाच माणसाच्या आतली साक्ष

ईक्यूटीएल खरा आहे का याचा मला सगळ्यात पटणारा पुरावा लोकांची तुलना करून मिळत नाही, AG माणसाच्या आत बघून मिळतो. त्याच्या एकाच पेशीत A वाली कॉपी आणि G वाली कॉपी दोन्ही आहेत, लॅब तीच, दिवस तोच, वय तेच. बॅचला बोट ठेवायला जागाच नाही. मग दोन्ही कॉपींचे रीड वेगवेगळे मोजा. त्यासाठी एक्झॉनमध्ये एक वेगळेपण लागतं, ERAP2 मध्ये rs2549782 त्याला सोयीचा, तो rs2248374 बरोबर जवळपास नेहमी जोडीने येतो. AG लोकांत त्याच्या एका अलीलचेच रीड भरभरून दिसतात आणि दुसऱ्याचे थोडेच, कारण G वाल्या कॉपीचा आरएनए मोडला जातोय.

यातही एक खड्डा आहे, रीड बसवणारा प्रोग्राम रेफरन्सशी जुळणाऱ्या रीडला थोडा झुकतं माप देतो. ५५-४५ असा फरक दिसला तर नाचू नका. ERAP2 मधली तफावत तसली नसते, डोळ्याला दिसते.

वरचा व्हेरिएंट म्हणजे गुन्हेगार नव्हे

रिझल्टमध्ये सगळ्यात वर rs2248374 च असेल असं नाही, दुसराच कुणी असू शकतो आणि त्याने बिचकू नका. ERAP2 च्या आजूबाजूचे बरेच व्हेरिएंट पिढ्यान्पिढ्या एकत्रच पुढे गेलेत, एक माहीत असला की बाकीचे ओळखता येतात, त्यामुळे सगळ्यांच्या पी-व्हॅल्यू जवळपास सारख्या. एका-दोन माणसांचा जीनोटाइप चुकीचा वाचला गेला तरी पहिला नंबर बदलतो. rs2248374 दोषी हे आपल्याला आकडेवारीने नाही तर स्प्लाइसची खूण बिघडते या प्रयोगातून माहीत आहे.

आणि तोही एकटा नाही. rs2248374 चं डोसेज कोव्हेरिएट म्हणून टाका आणि परत चालवा, मग जे उरतं ते त्याच्यापासून वेगळं. २०२४ मध्ये दाखवलं गेलं की जवळचे दुसरे व्हेरिएंट, जे ऑटोइम्यून आजारांच्या अभ्यासातही दिसतात, ते ERAP2 चं प्रमाण स्वतंत्रपणे हलवतात. तुमच्या ३७३ लोकांत तेवढं दिसेल की नाही ते करून बघा.

पेशी कोणती, हे विसरू नका

ERAP2 जवळपास कुठल्याही टिश्यूत सापडतो कारण स्प्लाइसिंगची चूक सगळीकडे तीच. सगळे असे नसतात. SORT1 जवळचा rs12740374 बघा, एलडीएल कोलेस्टेरॉलशी जोडलेला. तिथला T लिव्हरमधल्या एका प्रोटीनला चिकटायला नवी जागा बनवतो, SORT1 वाढतो, एलडीएल उतरतं. हा परिणाम लिव्हरमध्ये जोरात दिसतो. तुमच्या बी-पेशींत शोधून 'इथे काही नाही' असं लिहिलंत तर ते बी-पेशींपुरतंच खरं. शिवाय लिव्हरमध्ये हाच व्हेरिएंट शेजारच्या CELSR2 आणि PSRC1 यांच्याशीही जोडलेला दिसतो, म्हणजे ईक्यूटीएल सापडला म्हणून आजाराचा जीन सापडला असंही नाही. ईक्यूटीएलचा आणि आजाराचा, दोन्ही सिग्नल एकाच व्हेरिएंटमधून येतायत का हे आर मधलं `coloc` पॅकेज तपासतं, तो वेगळा लेख होईल.

युरोपियन झाले की पुढे

आता तेच ८९ योरुबांवर चालवा, वेगळं, एकत्र नाही. लोक कमी म्हणून पी-व्हॅल्यू तितकी छोटी येणार नाही, पण आफ्रिकन लोकांत एकत्र जाणारे गट साधारण आखूड असतात, तर rs2248374 शी बरोबरी करणाऱ्या व्हेरिएंटची यादी युरोपियनांपेक्षा छोटी होते का ते शेजारी शेजारी मांडून बघा.

ग्युव्हाडिसमध्ये दक्षिण आशियाई कुणीच नाही. २०२४ मध्ये MAGE नावाचा डेटा आला, ७३१ लोक, २६ लोकसमूह, पेशी त्याच प्रकारच्या, आणि त्यात ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ आहेत. मराठी असा गट १००० जीनोम्समध्येच नाही, त्यामुळे तिथेही नाही. ERAP2 ची दुसरी फेरी मी त्यावरच घेतो, फक्त तो डेटा hg38 वर आहे, जागांची फाइल बदलायला विसरू नका.